गोंदियाचा तांदूळ, सिंगापूरची यंत्रं आणि एक निव्वळ रक्कम

एकाच समूहाच्या चार देशांत चार कंपन्या असल्या की त्या एकमेकींच्या गिऱ्हाइकही असतात आणि पुरवठादारही. एकीनं दुसरीला माल पाठवायचा, दुसरीनं तिसरीला यंत्र द्यायचं, तिसरीनं पहिलीकडून काही घ्यायचं. प्रत्येक बिलाचे पैसे वेगळे पाठवले, तर दर वेळी बँक एक चलन विकत घेते, दुसरं विकते आणि मधला फरक ठेवून घेते. पैसा मात्र अखेर त्याच मालकाच्या घरात राहतो. हे टाळण्यासाठी महिन्यातून एकदा सगळ्यांची देणी-घेणी वळती करून फक्त उरलेली रक्कम पाठवायची, या पद्धतीला नेटिंग म्हणतात.

धानाच्या बाजारात हे आपल्याला नवं नाही. मिलवाल्यानं अडत्याला धानाचे पैसे द्यायचे असतात आणि अडत्यानं त्याच मिलमधून तांदूळ उचललेला असतो. वहीत एकमेकांसमोर मांडून उरेल तेवढंच हातात पडतं. फरक एवढाच, की हद्दीपलीकडे ही वही आपल्या मर्जीनं लिहिता येत नाही. भारतात ती परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आणि रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांच्या चौकटीत लिहावी लागते.

समजण्यासाठी एक काल्पनिक समूह घेऊ. त्याची एक राईस मिल गोंदियात आहे, तांदूळ विकणारी एक कंपनी दुबईत, युरोपात माल वाटणारी आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी एक रॉटरडॅममध्ये, आणि तांदूळ निवडायची यंत्रं व पॅकिंगचा माल पुरवणारी एक सिंगापूरला. कंपन्या आणि आकडे मनातले आहेत, नियम मात्र खरे आहेत. सगळी बिलं डॉलरमध्ये आहेत असं धरू.

पहिली पायरी बिलं गोळा करण्याची. एका महिन्यात तांदळाचे दुबईनं गोंदियाला 4 लाख डॉलर द्यायचे आहेत आणि रॉटरडॅमनं दीड लाख. गोंदियाला रॉटरडॅमच्या सुट्या भागांचे 1 लाख आणि सिंगापूरच्या यंत्राचे व पिशव्यांचे 2 लाख 20 हजार द्यायचे आहेत. गोंदियाबाहेर, दुबई सिंगापूरला 90 हजार देणं लागते आणि सिंगापूर दुबईला 60 हजार. रॉटरडॅम दुबईला 1 लाख 30 हजार देणं लागते, आणि सिंगापूर रॉटरडॅमला 50 हजार. एकूण आठ रकमा, बेरीज 12 लाख डॉलर.

आता दोघादोघांत वळतं करून पाहू. गोंदिया आणि रॉटरडॅम यांच्यात दीड लाख विरुद्ध 1 लाख, म्हणजे 50 हजार उरतात. दुबई आणि सिंगापूर यांच्यात 90 विरुद्ध 60, म्हणजे 30 हजार. बाकीच्या चार रकमा तशाच राहतात. 12 लाखांचे 8 लाख 80 हजार झाले. बरं झालं, पण पुरेसं नाही, कारण दुबईकडून गोंदियाला येणारे 4 लाख आणि गोंदियाकडून सिंगापूरला जाणारे 2 लाख 20 हजार एकमेकांना भेटलेच नाहीत.

ते भेटण्यासाठी चौघांना एका टेबलावर बसवावं लागतं. प्रत्येकीचं एकूण येणं आणि एकूण देणं मांडा. गोंदियाचं येणं साडेपाच लाख, देणं 3 लाख 20 हजार. उरतात 2 लाख 30 हजार येणे. दुबईचं येणं 1 लाख 90 हजार, देणं 4 लाख 90 हजार. म्हणजे 3 लाख देणे. रॉटरडॅमचं येणं दीड लाख, देणं 2 लाख 80 हजार. म्हणजे 1 लाख 30 हजार देणे. सिंगापूरचं येणं 3 लाख 10 हजार, देणं 1 लाख 10 हजार. म्हणजे 2 लाख येणे.

इथं थांबून एक पडताळा करा. दोघींनी द्यायची रक्कम 3 लाख अधिक 1 लाख 30 हजार, म्हणजे 4 लाख 30 हजार. दोघींना मिळायची रक्कम 2 लाख 30 हजार अधिक 2 लाख, म्हणजे पुन्हा 4 लाख 30 हजार. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर कुणीतरी एक बिल एकाच बाजूनं लिहिलं आहे, किंवा तेच बिल दोन वेगळ्या रकमांनी लिहिलं आहे. फरकाची रक्कम पाहिली तर बहुतेक वेळा दोषी बिल तिथंच ओळखू येतं.

म्हणजे 12 लाखांच्या व्यवहारासाठी खरोखर हलणारा पैसा फक्त 4 लाख 30 हजार, आणि आठ पाठवण्यांऐवजी चार: दोघी एका केंद्राला देतात, केंद्र दोघींना देतं. हे केंद्र समूहातलीच एखादी कंपनी असू शकते, किंवा हे काम बाहेरच्या संस्थेला देता येतं. आपल्या उदाहरणात ते काम सिंगापूरमधल्या अशा एका बाहेरच्या संस्थेकडे आहे असं धरा. कुणाचंही कर्ज माफ झालेलं नाही आणि कुणाला जास्त मिळालेलं नाही. गोंदियाला नेटिंगशिवायही महिन्याअखेर 2 लाख 30 हजारच हाती उरले असते.

पुढची पायरी बचत मोजण्याची, आणि सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. सोपा हिशेब असा मांडला जातो: डॉलरचं बिल असल्यानं देणारा आपलं चलन विकून डॉलर घेतो आणि घेणारा डॉलर विकून आपलं चलन घेतो. म्हणजे 12 लाखांच्या बिलांमागे 24 लाखांची चलनबदली. नेटिंगनंतर 4 लाख 30 हजार दोन्ही टोकांना बदलायचे, म्हणजे 8 लाख 60 हजार. प्रत्येक बदलीत बँकेचा फरक शंभराला 40 सेंट धरला, तर आधीचा खर्च 9,600 डॉलर, नंतरचा 3,440. बचत महिन्याला 6,160 डॉलर. प्रत्येक पाठवणीचं शुल्क 30 डॉलर धरलं तर त्यात वाचतात फक्त 120. एवढ्यावरून एक गोष्ट दिसते, की पाठवणीचं शुल्क हा छोटा भाग आहे. खरा पैसा विनिमय दरातल्या फरकात जातो, आणि तो बँकेच्या बिलावर वेगळा छापलेला नसतो.

पण 6,160 हा आकडा संचालक मंडळासमोर ठेवण्याआधी प्रत्येक कंपनीला एक प्रश्न विचारा: आज तुम्ही खरोखर किती डॉलर बदलता?

गोंदियाच्या मिलकडे बहुधा ईईएफसी खातं असतं. हे निर्यातदाराचं परकीय चलनातलं खातं. दुबईहून आलेले डॉलर या खात्यात ठेवून त्यातूनच सिंगापूरचं यंत्राचं बिल भागवता येतं. तसं केलं तर नेटिंग नसतानाही मिल फक्त उरलेले 2 लाख 30 हजारच रुपयांत बदलते. म्हणजे गोंदियाच्या नावावर लिहिलेली 6 लाख 40 हजारांची चलनबदली मुळात होतच नव्हती, तर ती वाचणार कशी? दुबईचंही तसंच. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दरानं बांधलेला आहे, त्यामुळे तिथं दरातला फरक फार कमी असतो, आणि व्यापारी कंपनी डॉलरचं खातं ठेवतेच.

उरल्या रॉटरडॅम आणि सिंगापूर. रॉटरडॅमची चलनबदली 4 लाख 30 हजारांवरून 1 लाख 30 हजारांवर येते, सिंगापूरची 4 लाख 20 हजारांवरून 2 लाखांवर. कमी झालेले 5 लाख 20 हजार, त्यावर त्याच दरानं 2,080 डॉलर. खरी बचत ही. 6,160 च्या तिसऱ्या भागाएवढी. नेटिंग करू नये असा याचा अर्थ नाही. महिन्याला 2,080 डॉलरही लहान रक्कम नाही. पण 6,160 वर भरवसा ठेवून महागडी प्रणाली विकत घेतली, तर दोन वर्षांनी त्या निर्णयाचा जाब कुणीतरी विचारेल.

ईईएफसीला मात्र एक मर्यादा आहे. एका महिन्यात खात्यात जमा झालेले डॉलर, पुढं द्यायच्या रकमा वगळून, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावे लागतात. डॉलर आधी यायला हवेत आणि देणं लगेच यायला हवं. तांदळाचे पैसे जानेवारीत आले आणि यंत्राचं बिल एप्रिलमध्ये, असं झालं तर डॉलर एकदा विकावे लागतात आणि पुन्हा विकत घ्यावे लागतात. ज्या मिलचं हे वेळापत्रक कायम चुकतं, तिला नेटिंगचा फायदा खराखुरा आहे. म्हणून मागच्या वर्षाच्या बँक खात्याचा उतारा काढा आणि डॉलर विकल्याच्या व घेतल्याच्या नोंदी प्रत्यक्ष मोजा. अंदाज बांधू नका.

तिसरी पायरी परवानगीची चौकट समजून घेण्याची. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्यातीचं येणं आयातीच्या देण्यासमोर वळतं करण्याची मुभा देण्याचे अधिकार बँकांना दिले, पण परदेशातला खरेदीदार आणि पुरवठादार एकच असला पाहिजे, अशी अट होती. त्या अटीनं आपल्या गोंदियाला रॉटरडॅमचे दीड लाख आणि 1 लाखच वळते करता आले असते. 4 डिसेंबर 2020 च्या परिपत्रकानं दार उघडलं: परदेशातल्या समूह कंपन्या किंवा सहयोगी कंपन्यांबरोबर, केंद्रीय व्यवस्थेमार्फत, निव्वळ पद्धतीनंही हिशेब मिटवता येतो. दुबईचं येणं सिंगापूरच्या देण्याला भेटतं ते यामुळेच.

अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. पहिली, संपूर्ण व्यवस्था एकाच एडी बँकेच्या देखरेखीखाली चालवायची. एडी बँक म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करण्याचा परवाना असलेली बँक. निर्यातीची बिलं एका बँकेत आणि आयातीची दुसऱ्या बँकेत, अशी मिलची जुनी सवय असेल तर आधी ती मोडावी लागते.

दुसरी अट, समूहातल्या कंपन्यांमध्ये लेखी आणि कायद्यानं अंमलात आणता येईल असा करार हवा. त्यात कोणत्या कंपन्या सामील आहेत, केंद्र कोण, पैसे कोणाकडून येतील, एखादी कंपनी बुडाली तर वळत्या केलेल्या रकमांचं काय, हे लिहिलेलं असावं. गोंदियानं माल पाठवला दुबईला आणि पैसे आले सिंगापूरहून, यावर बँकेचा कारकून प्रश्न विचारणारच. तेव्हा करारातलं कलम दाखवता आलं पाहिजे.

तिसरी अट सगळ्यात जास्त लोकांना अडवते: मालाचं येणं सेवेच्या देण्यासमोर वळतं करता येत नाही, आणि सेवेचं येणं मालाच्या देण्यासमोर नाही. सिंगापूरची कंपनी हिशेबाच्या संगणक प्रणालीसाठी गोंदियाकडून महिन्याला 30 हजार डॉलर घेत असेल, तर ते तांदळाच्या पैशांत मिसळू नका. ते वेगळे पाठवायचे, त्यावर कापायचा कर वेगळा पाहायचा. गडबड होते ती मिश्र बिलामुळे. यंत्राच्या बिलात यंत्राची किंमत, बसवण्याचा खर्च आणि वर्षभराची देखभाल एकाच आकड्यात असते. बँक असं बिल परत करते, आणि महिन्याचा सगळा हिशेब अडतो. सिंगापूरला पहिल्याच दिवशी सांगा, की माल एका बिलावर आणि सेवा दुसऱ्या बिलावर.

चौथी अट झाडीपट्टीतल्या मिलला खास लक्षात ठेवावी लागते. निर्यात आणि आयात हे दोन्ही व्यवहार एकाच कॅलेंडर वर्षातले असले पाहिजेत. आर्थिक वर्ष नव्हे, जानेवारी ते डिसेंबर. आपल्याकडे खरिपाचा धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापला जातो आणि नव्या तांदळाची निर्यात डिसेंबर-जानेवारीत जोर धरते. म्हणजे हंगाम ऐन 31 डिसेंबरच्या रेषेवर उभा असतो. 28 डिसेंबरला निघालेला तांदूळ 2025 चा, आणि 6 जानेवारीला आलेले सुटे भाग 2026 चे. महिन्याचा हिशेब जानेवारीत एकत्र होत असला, तरी हे दोन वळते करता येत नाहीत. पुण्या-मुंबईच्या कारखान्यात वर्षभर सारखा माल निघतो, त्यामुळे तिथं हा अडथळा एवढा बोचत नाही. गोंदियात मात्र प्रत्येक बिलासमोर माल निघाल्याचं किंवा आल्याचं वर्ष लिहिणारा एक रकाना ठेवाच, आणि जानेवारीच्या फेरीत निव्वळ रक्कम एरवीपेक्षा मोठी येणार हे रोकड नियोजनात धरून ठेवा.

पाचवी अट, एशियन क्लिअरिंग युनियनच्या देशांबरोबरचे व्यवहार या व्यवस्थेबाहेर ठेवायचे. बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, मालदीव, इराण, पाकिस्तान, नेपाळ आणि भूतान हे त्यातले आपले काही सोबती. समूहाची एखादी कंपनी ढाक्यात असेल, तर तिचा हिशेब गोंदियाच्या टेबलावर येऊ शकत नाही. याशिवाय ज्या बिलाची एखाद्या तपास यंत्रणेकडून चौकशी चालू आहे ते बाजूला ठेवावं लागतं, आणि वळतं करताना दोन्ही बाजूंची रक्कम खरोखर बाकी असायला हवी. आगाऊ भरून झालेलं बिल पुन्हा या हिशेबात येत नाही.

हे सगळं जमलं की महिन्याचं वेळापत्रक ठरवायचं. एक नमुना असा: 10 तारखेपर्यंत सगळ्या कंपन्यांनी आपली बिलं केंद्राला कळवायची, 13 तारखेला केंद्रानं जुळवलेला तक्ता परत पाठवायचा, 16 पर्यंत तक्रारी, 18 ला विनिमय दर ठरवायचा आणि 20 ला पैसे हलवायचे. दर ठरणं आणि पैसे हलणं यांत दोन कामकाजाचे दिवस असतात, कारण परकीय चलनाच्या बाजारात स्पॉट सौदा साधारण दोन दिवसांनी पुरा होतो. चारही देशांच्या सुट्या आधी पाहा. दुबईत 2022 पासून शनिवार-रविवार सुटी असते. त्याआधी शुक्रवार-शनिवार होती. जुन्या तक्त्यावर आखलेलं वेळापत्रक अजून कुठंतरी फिरत असेल तर ते बदला. दिवाळीचा आठवडा तर दरवर्षी वेगळा येतो.

बिलं कुणी कळवायची, हे वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं. देणाऱ्यानं कळवायचं ठरवलं, तर त्याला जे मान्य आहे तेच येतं आणि भांडणं कमी होतात; पण तो एखादं बिल हळूच मागं ठेवू शकतो. घेणाऱ्यानं कळवायचं ठरवलं, तर सगळी बिलं टेबलावर येतात, पण वाद वाढतात. माझं मत असं, की सुरुवातीचे काही महिने देणाऱ्याकडून घ्या, आणि घेणाऱ्याला तक्त्यात स्वतःचं बिल नसेल तर ओरडण्याचा हक्क द्या. पद्धत रुळली की घेणाऱ्याकडे वळा.

आता एक वाद प्रत्यक्ष पाहू. गोंदियानं रॉटरडॅमला दीड लाखाचा तांदूळ पाठवला. रॉटरडॅमच्या तपासणीत तुकडा ठरल्यापेक्षा जास्त निघाला, म्हणून तिथल्या लोकांनी 5 हजार कापून 1 लाख 45 हजारच कळवले. केंद्रानं तेच धरून हिशेब केला, तक्ता जुळला, पैसे हलले. सगळं ठीक दिसतं. पण गोंदियाच्या सीमाशुल्काच्या कागदावर, म्हणजे शिपिंग बिलावर, दीड लाखच आहेत. बँकेच्या निर्यात देखरेख प्रणालीत, ईडीपीएमएसमध्ये, 5 हजार वसूल न झालेले म्हणून उघडे राहतात. किंमत कमी केल्याचं कारण आणि पुरावा देऊन बँकेकडून ते मंजूर करून घेईपर्यंत ते तसेच दिसत राहतात. म्हणून वादातलं बिल त्या महिन्याच्या फेरीतून पूर्ण बाहेर ठेवा. कापलेली रक्कम आधी कागदावर मिटवा, मग पुढच्या फेरीत आणा.

ही प्रणाली नेटिंग करणाऱ्यांचं सगळ्यात नाजूक ठिकाण आहे, म्हणून थोडं सविस्तर. निर्यातीचं प्रत्येक शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये उघडतं आणि आयातीचं प्रत्येक बिल ऑफ एन्ट्री आयडीपीएमएसमध्ये. पैसे आले किंवा गेले की बँक ते बंद करते. नेटिंगमध्ये गोंदियाच्या खात्यात येतात फक्त 2 लाख 30 हजार. बँकेनं तेवढीच आवक नोंदवली, तर साडेपाच लाखांच्या निर्यातीपैकी 3 लाख 20 हजार वसूल न झालेले दिसतील, आणि 3 लाख 20 हजारांची आयात पैसे न देता घेतलेली दिसेल. खऱ्या जगात सगळे पैसे मिटलेले आणि सरकारी नोंदीत दोन्हीकडे थकबाकी.

नियम त्यासाठीच सांगतो, की पैसा निव्वळ हलला तरी नोंद ढोबळ व्हायला हवी: प्रत्येक निर्यात आणि प्रत्येक आयात वेगळी दाखवायची, आणि बँकेनं वळतं केल्याची खूण लावून दोन्ही बंद करायची. आपण बँकेला देत असलेल्या पत्रात म्हणून निव्वळ आकडा पुरत नाही. कोणतं शिपिंग बिल कोणत्या बिल ऑफ एन्ट्रीसमोर, किती रकमेनं, हा तक्ता जोडा. फेरीनंतर पंधरा दिवसांनी बँकेकडून उघड्या बिलांची यादी मागवा. त्यात मिटलेलं एखादं बिल दिसलं तर लगेच पत्र द्या. सहा महिन्यांनी तेच बिल शोधणं फार जड जातं, आणि निर्यात प्रोत्साहनाचे लाभ वसुलीच्या दाखल्यावर अडून बसलेले असतात.

मिलच्या स्वतःच्या पुस्तकातही हाच नियम. विक्री साडेपाच लाखांचीच, खरेदी 3 लाख 20 हजारांचीच. नेटिंगमुळे फक्त मिटवण्याची पद्धत बदलते, उलाढाल नाही. आयातीवरचं सीमाशुल्कही पूर्ण किमतीवरच लागतं.

उरल्या दोन चुका, ज्या वित्त विभागाच्या बाहेर जन्म घेतात आणि म्हणून उशिरा सापडतात.

पहिली पॅकिंग क्रेडिटची. निर्यातीचा सौदा दाखवून मिल बँकेकडून धान खरेदीसाठी उचल घेते, आणि ती निर्यातीचे पैसे आले की फेडली जावी अशी बँकेची अपेक्षा असते. नेटिंगमध्ये साडेपाच लाखांऐवजी 2 लाख 30 हजारच येतात. उचल 4 लाखांची असेल, तर बाकीचे 1 लाख 70 हजार मिलला आपल्या रुपयांतून भरावे लागतात. हे रुपये असतात, कारण सिंगापूरच्या यंत्रासाठी ते बाहेर गेले नाहीत. पण ते त्या दिवशी चालू खात्यात तयार हवेत. आणि एखादं बिल बँकेकडे आधीच वटवून पैसे घेतले असतील, तर ते येणं आता बँकेचं आहे. ते वळतं करण्याचा हक्क मिलकडे उरत नाही. नेटिंगच्या यादीत बिल घालण्यापूर्वी ते गहाण किंवा वटवलेलं नाही ना, हे कर्ज विभागाकडून तपासून घ्या.

दुसरी वायद्याची. डॉलर पडेल या भीतीनं मिलनं साडेपाच लाख डॉलर तीन महिन्यांनी ठरलेल्या दरानं बँकेला विकायचा करार केलेला असतो. नेटिंग सुरू झालं, आणि द्यायला हातात 2 लाख 30 हजारच. बाकीचे 3 लाख 20 हजार त्या दिवशीच्या बाजारभावानं रद्द करावे लागतात, आणि दर उलट गेला असेल तर तोटा सोसावा लागतो. एका महिन्यात तो तोटा वर्षभराच्या नेटिंगच्या बचतीपेक्षा मोठा होऊ शकतो. नेटिंग सुरू करायच्या महिन्याआधी चालू वायद्यांची यादी काढा, जुने वायदे संपेपर्यंत त्यांची बिलं नेटिंगबाहेर ठेवा, आणि नवे वायदे फक्त निव्वळ अपेक्षित रकमेवर घ्या.

कुणासाठी हे सगळं करण्यासारखं आहे? ज्या मिलचा परदेशात एकच खरेदीदार आहे आणि आयात जवळजवळ नाही, तिच्यासाठी नाही. तिनं ईईएफसी खातं नीट वापरावं आणि बँकेशी दराच्या फरकावर घासाघीस करावी. तेवढ्यात बरंच मिळतं. तीन किंवा अधिक कंपन्या आहेत, मालाचा प्रवाह दोन्ही दिशांना आहे, आणि त्यातल्या किमान दोन कंपन्यांचं चलन डॉलरला बांधलेलं नाही, अशा समूहानं मागच्या बारा महिन्यांचे आकडे वर दाखवल्याप्रमाणे मांडून पाहावेत. एका महिन्याचा तक्ता कागदावर, प्रत्यक्ष पैसे न हलवता, करून पाहा. त्यात बिलं जुळायला किती दिवस लागतात, ते पाहिलं की पुढं जायचं की नाही हे कळतं. आणि पुढं जायचं ठरलं, तर कराराचा मसुदा सह्यांआधी एडी बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवा, आणि त्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक त्यांच्याकडूनच मागून घ्या.